तीनशे एकावं युनिट

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मे महिन्यात माणसं एकमेकांना ‘काय, कसं काय?’ असं विचारत नाहीत. ‘तीनशेच्या आत आहात ना?’ असं विचारतात. नव्याने राहायला आलेल्याला वाटतं, साखरेचं चाललंय. मग तोही आपली उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची सांगून मोकळा होतो, आणि लिफ्टमध्ये दोन मिनिटं शांतता पसरते.

विषय लाइट बिलाचा असतो. आमच्या सेक्रेटरींचा एक सिद्धांत आहे आणि तो त्यांनी वार्षिक सभेत, ठरावात नसताना, मांडलेला आहे. ‘तीनशे एकावं युनिट पडलं की सगळंच्या सगळं बिल वरच्या दराने लागतं.’ म्हणजे तीनशे युनिटं जाळणारा माणूस सुखी, आणि तीनशे एक जाळणारा कंगाल. या सिद्धांतावर सोसायटीत कुणी शंका घेत नाही. आमचे हे तर बँकेत नोकरीला. दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जाचं व्याज पैशापर्यंत काढतात. पण लाइट बिल हातात आलं की त्यांच्यातला बँकवाला बाजूला होतो आणि भाविक पुढे येतो.

त्यामुळे महिना संपत आला की आमच्या घरी ब्लॅकआउट सुरू होतो. पंखा एक, दिवा एक, आणि त्या एका पंख्याखाली सासरे, हे, मी आणि मुलगा असे चौघं. ‘अजून दोन दिवस काढा, रीडिंग होऊन जाऊ दे,’ असं हे हळू आवाजात सांगतात, जणू मीटर ऐकतोय. हे अठ्ठावीस तारखेपासून एकतीस तारखेपर्यंत चालतं. एक तारखेला एसी, पंखे, टीव्ही, सगळं एकदम सुरू. मीटर वाचणारा माणूस येतो पाच तारखेला.

कॅलेंडर संपलं म्हणून मीटरचा महिना संपत नाही, ही बातमी बिलावरच छापलेली असते. मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यांच्या तारखा. चालूतून मागील वजा केलं की युनिटं. मध्ये ‘गुणक अवयव’ नावाचा एक रकाना असतो, त्यात घरगुती मीटरला १ असतो, तेव्हा त्याच्या नादी लागू नये. (आमच्या सासऱ्यांना तो ‘अवयव’ शब्द दिसला की ते चष्मा काढून ठेवतात.) या दोन तारखांमधले दिवस मात्र जरूर मोजावेत. एका महिन्याचं बिल एकोणतीस दिवसांचं आणि पुढच्याचं चौतीस दिवसांचं असेल, तर दुसऱ्यात युनिटं जास्त दिसणारच. युनिटांना दिवसांनी भागा. रोजचं अकरा येतंय की नऊ, हा आकडा दोन महिन्यांत ताडून बघायचा. घरातल्यांवर आरोपपत्र दाखल करायचं ते त्यानंतर.

आता सेक्रेटरींचा सिद्धांत. मुलुंड-भांडुप महावितरणच्या हद्दीत येतं. २०२४-२५ साली महावितरणचा घरगुती वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे आणि त्यापुढे १६ रुपये ६४ पैसे होता. प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा. हे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात, तेव्हा स्वतःचा हिशेब करताना स्वतःच्या बिलावरचेच दर घ्यावेत. टप्पे मात्र हेच, शंभर, तीनशे, पाचशे, आणि ते चढतात इन्कम टॅक्ससारखे. पगार वरच्या टप्प्यात गेला म्हणून खालच्या टप्प्यातल्या पैशांवर जास्त कर लागत नाही. जेवढा पैसा वर गेला तेवढ्यावरच लागतो. हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते एकदम गप्प झाले. टॅक्स त्यांना कळतो.

आमचं मे २०२४ चं बिल घ्या. दिवस एकतीस, युनिटं ३४२. वीज आणि वहन आकार मिळून पहिल्या शंभरांचे ५८८ रुपये. पुढच्या दोनशेंचे २,२९२. आणि तीनशेवरच्या बेचाळीसांचे ६६० रुपये २४ पैसे. एकूण ३,५४० रुपये २४ पैसे. यावर १६ टक्के वीज शुल्क, ते सरकारचं. झाले ४,१०७ रुपये. स्थिर आकार आणि इंधन समायोजन आकार वेगळे, पण ते इथे बाजूला ठेवू, नाहीतर हे पुन्हा भाविक व्हायचे. सेक्रेटरींच्या सिद्धांताप्रमाणे ३४२ च्या ३४२ युनिटांना तिसऱ्या टप्प्याचा दर लावला, तर शुल्काआधीच ५,३७६ रुपये झाले असते. एवढं बिल कुणाला आलेलं नाही. तरी सिद्धांत टिकून आहे, कारण तो सभेत मांडला गेला होता.

मग तीनशे एकावं युनिट पडतं केवढ्याला? शुल्कासकट तीनशेवं युनिट १३ रुपये २९ पैशांचं आणि तीनशे एकावं १८ रुपये २४ पैशांचं. फरक पाच रुपयांना पाच-सहा पैसे कमी. त्या पाच रुपयांसाठी आम्ही चौघं चार रात्री एका पंख्याखाली घामाघूम होत होतो. आणि खरी उडी कुठे आहे ते तर कुणी बघतच नाही. शंभरावं युनिट ६ रुपये ८२ पैशांचं, एकशे एकावं १३ रुपये २९ पैशांचं. जवळजवळ दुप्पट! पण एकशे एकाला कुणी भीत नाही. ते पंधरा-सोळा तारखेच्या आधीच, दुपारी सगळे झोपलेले असताना, चुपचाप पडून गेलेलं असतं.

एक पुरवणी जोडायला हवी, नाहीतर घाटकोपरहून नणंदेचा फोन येईल. काही कंपन्यांच्या बिलात स्थिर आकारही टप्प्यांप्रमाणे वाढतो. तिथे टप्पा ओलांडला की वरचे काही रुपये एकरकमी वाढतात. पण ते काहीच रुपये. सगळ्या युनिटांचा दर तिथेही बदलत नाही.

घाटकोपरला माझी नणंद असते, अंधेरीला आत्या, बोरिवलीला मावशी. गौरीच्या जेवणाला सगळ्या एकत्र जमल्या की आधी सोन्याचा भाव होतो आणि मग लाइट बिल. ‘आम्हाला ३१० युनिटांना इतके आले, तुम्हाला तितके कसे?’ यावरून पुरणपोळ्या गार होतात. ही तुलना मुळात चालत नाही, कारण चौघींची वीज चार ठिकाणांहून येत नसली तरी बिलं एका ठिकाणाहून येत नाहीत. पश्चिम उपनगरांत आणि घाटकोपर-विक्रोळीपर्यंत अदानीची वीज. ही मूळची १९२९ साली स्थापन झालेली बीएसईएस, पुढे रिलायन्सची, आणि २०१८ पासून अदानीची. आत्या अजूनही ‘बीएसईएसचं बिल’ म्हणते. नंतरच्या दोन मालकांची तिने दखलच घेतलेली नाही. मावशी टाटांची ग्राहक. २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उपनगरातल्या घरांना टाटांची वीज घेण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा पुष्कळ लोकांनी कंपनी बदलली. पण मावशीच्या बिल्डिंगपर्यंत आलेली वायर जुनीच राहिली. वीज एकाची, वायर दुसऱ्याची. वायरीचं जे भाडं, तोच बिलातला वहन आकार. हे ऐकल्यावर मावशीने ‘म्हणजे मी दोघांना पोसते?’ असा प्रश्न विचारला आणि पुरणपोळीला हात लावला नाही.

मुद्दा असा की दर वेगळे, वहन आकार वेगळा, इंधनाचा आकार वेगळा. रुपयांची तुलना करून भांडण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच तर दिवसाच्या युनिटांची करावी. युनिट सगळीकडे सारखंच. हजार वॉटची वस्तू तासभर चालली की एक. अंधेरीतही आणि मुलुंडमध्येही.

आमच्या सोसायटीला बिल वाचायला शिकवलं ते २०२० ने. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मीटर वाचायला माणसं येईनात. मग मागच्या महिन्यांच्या सरासरीने बिलं आली. ते मागचे महिने थंडीचे. एसी बंद, पंखे निम्मे. प्रत्यक्षात टाळेबंदीत सगळं घर चोवीस तास घरात, तेही एप्रिल-मेच्या उकाड्यात. जूनमध्ये खरं रीडिंग झालं आणि राहिलेली सगळी युनिटं एकाच बिलात उतरली. मुंबईभर हाहाकार झाला. सिनेमातल्या लोकांनीसुद्धा आपली बिलं जगाला दाखवली. आमचे सेक्रेटरी तर मास्क हनुवटीवर ओढून जिन्यात उभे राहिले आणि म्हणाले, ‘आठशे चाळीस युनिटं! पाचशेच्या वर!’

अशा बिलात टप्पे कसे बघायचे, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. तीन महिन्यांचं बिल असेल तर टप्पेही तिप्पट होतात. शंभराचा टप्पा तीनशेचा, तीनशेचा नऊशेचा. ८४० युनिटांतली पहिली ३०० स्वस्त दराने आणि उरलेली ५४० दुसऱ्या टप्प्यात. पाचशेच्या वरचा दर एकाही युनिटाला नाही. शिवाय सरासरीच्या बिलांचे आधी भरलेले पैसे वजा. बिल खरं आहे की नाही हे ओळखायची खूण म्हणजे पहिल्या टप्प्यापुढे छापलेली युनिटं. तिथे १०० च असतील आणि महिने तीन असतील, तर तक्रार करा. ३०० च्या आसपास असतील तर टप्पे बरोबर लागले आहेत. गंमत पुढेच आहे. समजा मार्चमध्ये १८०, एप्रिलमध्ये ३०० आणि मेमध्ये ३६० युनिटं जळली. दर महिन्याला रीडिंग झालं असतं तर मेची साठ युनिटं तिसऱ्या टप्प्यात गेली असती. तिघांची मोट बांधल्यावर महिन्याला २८० पडली आणि तिसरा टप्पा लागलाच नाही. टप्प्यांच्या बाबतीत तरी सेक्रेटरींचा फायदाच झाला होता. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्या दिवसांत जिन्यात उभं राहून ओरडणं हाच एक व्यायाम उरला होता.

बिल कळलं तरी चोर सापडत नाही. ३४२ युनिटं खाल्ली कुणी? या बाबतीत घरातल्या प्रत्येकाचा एकेक संशयित ठरलेला आहे. सासऱ्यांचा मोबाइलच्या चार्जरवर राग. नातवाचा फोन चार्जिंगला दिसला की ते भिंतीपाशी जाऊन प्लग उपटतात. फोनची बॅटरी शून्यापासून पूर्ण भरायला युनिटाचा चाळिसावा भाग पुरतो. रोज भरली तरी महिन्याला पाऊण युनिट. ह्यांचा संशय मिक्सरवर, कारण तो आवाज करतो. साडेसातशे वॉटचा मिक्सर रोज आठ मिनिटं चालला तर महिन्याला तीन युनिटं. यात आमच्या घरची चटणी, ओलं वाटण आणि इडलीचं पीठ सगळं आलं. ह्यांना मी सांगितलं, तीन युनिटं वाचवायची असतील तर पाटा-वरवंटा आणून देते, आणि वाटायचं काम रविवारी तुमचं. तेव्हापासून मिक्सर निर्दोष आहे.

वस्तूची पाटी वाचून हिशेब करायला गेलं की अडचण ही येते की पाटीवर असतात वॉट, आणि वस्तू तेवढे वॉट सारा वेळ खातेच असं नाही. फ्रिज चोवीस तास लावलेला असतो, पण त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधून चालतो. पाटीवरच्या दीडशे वॉटना चोवीसने गुणलं तर दिवसाला साडेतीन युनिटं येतात आणि माणूस फ्रिज विकायला काढतो. गिझर दोन हजार वॉटचा, पण पाणी तापलं की आपोआप थांबतो. त्याचा हिशेब पाण्यावरून करावा. सोळा लिटरची बादली सव्वीस अंशांवरून बेचाळीस अंशांवर न्यायला सुमारे ०.३ युनिट लागतं. थंडीत चौघांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला सव्वा युनिट. एसीवर मात्र तारे असलेलं लेबल असतं आणि त्यावर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. ते वर्ष १६०० तासांचं धरतात. आमच्या दीड टनी एसीवर सुमारे ८०० लिहिलंय. म्हणजे तासाला अर्धं युनिट. रात्रीचे आठ तास, महिनाभर, सव्वाशेच्या आत. हे गणित बघून ह्यांनी एसीलाही निर्दोष सोडला.

मला ते पटलं नव्हतं. लेबल ठरावीक चाचणीचं असतं. आमच्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीने ती चाचणी दिलेली नाही. म्हणून मी मीटरलाच विचारायचं ठरवलं.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. बहुतेकांना वाटतं, मीटर जिवंत असल्याची ती खूण. पण तो मोजत असतो. मीटरच्या पाटीवर बारीक अक्षरांत 3200 imp/kWh असं छापलेलं असतं. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा लुकलुकला ते मोजायचं आणि १८.७५ ने गुणायचं. या क्षणी घर किती वॉट खातंय ते समोर येतं. गिझर एकटा चालू असेल तर मिनिटाला एकशे सात. फ्रिजचा कॉम्प्रेसर एकटा असेल तर आठ. यासाठी काही विकत आणावं लागत नाही. एक माणूस खाली मीटर रूममध्ये आणि एक वर बटणांपाशी, दोघांकडे फोन, एवढं पुरतं. दोघांचे संबंध बरे असलेले चांगले.

आमच्या सोसायटीची मीटर रूम जिन्याखाली आहे. तिथे चोवीस मीटर, एक मोडकी सायकल आणि मागच्या गणपतीचं मखर आहे. हे खाली गेले, वॉचमनची बॅटरी घेऊन. मी वर सगळी बटणं बंद केली. ह्यांचा फोन आला, ‘सगळं बंद आहे ना? मिनिटाला शंभर! आपल्याकडे चोरी होतेय!’ मी मेन स्विच पाडला. तरी शंभर. आता हे जिन्यातच ओरडायला लागले आणि सेक्रेटरी खाली आले. मी बिल घेऊन गेले आणि बिलावरचा मीटर क्रमांक पाटीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. हे चारशे दोनचा मीटर मोजत होते. रंगाने लिहिलेले खोल्यांचे नंबर कुठल्याशा दिवाळीत पुसून कुणीतरी अंदाजाने पुन्हा लिहिले होते. चोरी कुणाचीच झाली नव्हती, पण चारशे दोनमध्ये भर मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, गिझर चालू होता, ही माहिती सोसायटीला फुकट मिळाली. तेव्हा दिवा मोजण्याआधी मीटरचा नंबर बिलाशी जुळतो का हे बघावं. जुळत असेल, घरचा मेन स्विच पाडलेला असेल आणि तरीही दिवा लुकलुकत असेल, तर मात्र वायरिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

मेन स्विच पुन्हा चालू केल्यावर, खऱ्या मीटरवर, सगळं बंद आहे असं वाटत असताना, मिनिटाला एक. तो टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचा राउटर. टीव्ही रिमोटने बंद केला तरी बॉक्स रात्रभर जागाच असतो. बारा वॉट, चोवीस तास, महिन्याला नऊ युनिटं. सासऱ्यांना हे सांगितल्यावर चार्जर सुटला आणि बॉक्स पकडला गेला. आता ते रात्री मालिका संपली की भिंतीवरचं बटण स्वतः बंद करतात आणि सकाळी बॉक्स सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात म्हणून कुरकुरतात.

मग रात्री एसीची उलटतपासणी. बाकी सगळं बंद करून, एसी वीस अंशांवर. पहिला अर्धा तास मिनिटाला ऐंशी, म्हणजे दीड हजार वॉट. खोली गार झाल्यावर इन्व्हर्टर एसी दम खातो. मग पस्तीस, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास. अर्धा तास दीड हजाराने आणि साडेसात तास साडेसहाशेने, रात्रीची ५.६७ युनिटं. एकतीस रात्रींची १७६. लेबलाच्या सव्वाशेपेक्षा पन्नास जास्त! लेबल खोटं नव्हतं. मे महिना, पश्चिमेची भिंत आणि वीस अंश, हे तिघं जास्तीचे होते. पहिल्या दोघांचं आपण काही करू शकत नाही.

पुढचा हिशेब मी डायनिंग टेबलावर मांडला. एसी १७६. चार पंखे मिळून दिवसाला छत्तीस तास, पंचाहत्तर वॉटने, ८४. फ्रिज ३७. या तिघांतच २९७ संपली. टीव्ही, बॉक्स आणि राउटर मिळून २५, दिवे ६, मिक्सर ३. झाली ३३१. उरलेल्या अकरांत इस्त्री, वॉशिंग मशीन आणि पाण्याचा फिल्टर. घरगुती अंदाजात शंभरामागे तीन-चार युनिटांची चूक चालते. वीसची आली तर एखादी वस्तू विसरलेली असते किंवा एखादी जुनी वस्तू पाटीपेक्षा जास्त खात असते. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं की कॉम्प्रेसर थांबतच नाही. दिव्याचे आठ ठोके रात्रभर अखंड दिसले तर ओळखावं.

एसी पंचवीसवर आणि वर नेहमीचा पंखा, ही वाटाघाट मुलाशी झाली. त्याने अट घातली की मिक्सर सकाळी सातच्या आधी लागणार नाही. पंचवीसवर खोली गार झाल्यानंतरचे ठोके पस्तीसवरून चोविसावर आले. रात्रीची दीड युनिटं वाचली, महिन्याची ४८. म्हणजे ३४२ ची २९४. त्यातली बेचाळीस तीनशेवरची, शुल्कासकट प्रत्येकी १८ रुपये २४ पैशांची, आणि सहा त्याखालची. एकूण ८४६ रुपये. युनिटं चौदा टक्के कमी आणि रुपये वीस टक्क्यांहून जास्त कमी, कारण वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाचं, सगळ्यात महाग वाचतं. एका पंख्याखाली चौघांनी बसून जे झालं नाही ते पाच अंशांनी झालं.

ह्यांनी लगेच बीएलडीसी पंखे बघायला घेतले. पंचाहत्तर वॉटच्या जागी तीस; महिन्याची पन्नास युनिटं वाचतात, एसीच्या बचतीइतकीच. पण ही पन्नास आता तीनशेच्या आतली. त्यांची किंमत १३ रुपये २९ पैसे. आधी पंखे बदलले असते आणि मग एसीचे अंश वाढवले असते तर उलट झालं असतं. श्रेय पंख्यांना मिळालं असतं आणि एसी बिचारा स्वस्तात गेला असता. दोन्ही केल्यावर बेरीज तीच येते. म्हणून पंख्याच्या जाहिरातीत ‘इतके रुपये वाचवा’ असं वाचलं की विचारावं, कुठल्या टप्प्यातले? महिन्याला नव्वद युनिटं जाळणाऱ्या घराला तोच पंखा निम्म्या दराने पैसे परत करतो आणि दुप्पट वर्षं घेतो.

सेक्रेटरींना हा सगळा कागद दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घातली आणि म्हणाले, ‘तरी पण तीनशेच्या आत असलेलं बरं.’ यावर काही बोलता येत नाही, कारण ते खरंच आहे.

तुम्हीही मोजणार असाल तर मीटरची पाटी आधी नीट वाचा. तिथे ३२०० ऐवजी १६०० छापलेलं असेल, तर मिनिटाच्या ठोक्यांना १८.७५ ने नाही, ३७.५ ने गुणा.